sin x च्या जागी x − x³/6: त्रुटी x⁴/24 की x⁵/120?

प्रश्न: आर्डुइनो उनोवर sin काढायला x − x³/6 वापरतोय, x रेडियनमध्ये, −०.५ ते ०.५. लाग्रांजच्या शेषपदाने मला त्रुटीची मर्यादा x⁴/24 मिळाली. मित्र म्हणतो x⁵/120. बरोबर कोण? सूत्रातला c कुठे आहे हेच माहीत नसताना त्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि मला एक दशलक्षांश (०.०००००१) अचूकता हवी आहे, x⁵ चं पद जोडलं की भागेल का?

उत्तर:

तुम्ही दोघंही बरोबर आहात. त्रुटी x⁴/24 च्या आत असते हे खरं आहे, आणि x⁵/120 च्या आत असते हेही खरं आहे. फरक इतकाच की ०.५ पाशी तुमची मर्यादा मित्राच्या मर्यादेपेक्षा दहा पट सैल आहे. सैल मर्यादेत चूक काही नसते, पण तिच्या भरवशावर निर्णय घेतला तर गरज नसताना जास्तीची पदं जोडली जातात. म्हणून दहा पटींचा हा फरक येतो कुठून, ते आधी पाहू. मी अभियांत्रिकीच्या मुलांना हा भाग शिकवताना लाग्रांजचं सूत्र सुरुवातीला बाजूलाच ठेवतो आणि थेट त्रुटीलाच एक फलन मानून तिचे डेरिव्हेटिव्ह काढायला सांगतो. तेच इथे करू या.

```
E(x)   = sin x − x + x³/6
E′(x)  = cos x − 1 + x²/2
E″(x)  = −sin x + x
E‴(x)  = −cos x + 1
E⁗(x)  = sin x
E⁽⁵⁾(x) = cos x
```

आता प्रत्येक ओळीत x च्या जागी शून्य घाला. पहिल्या पाचही ओळी शून्य देतात, सहावी १ देते. म्हणजे शून्यापाशी त्रुटी शून्य आहे, तिचा बदलाचा वेग शून्य आहे, त्या वेगाचा वेग शून्य आहे, आणि हे चौथ्या डेरिव्हेटिव्हपर्यंत चालतं. त्रुटीला वाढायची पहिली संधी पाचव्या डेरिव्हेटिव्हमधून मिळते, आणि तो आहे cos x, जो कधीच १ च्या वर जात नाही.

इथून उलटं चढत जायचं. x धन आहे असं धरा. पाचवा डेरिव्हेटिव्ह १ पेक्षा जास्त नाही, म्हणून शून्यापासून निघालेला चौथा डेरिव्हेटिव्ह x पेक्षा जास्त होऊ शकत नाही. मग तिसरा x²/2 पेक्षा, दुसरा x³/6 पेक्षा, पहिला x⁴/24 पेक्षा आणि खुद्द त्रुटी x⁵/120 पेक्षा जास्त होऊ शकत नाही. पाच वेळा इंटिग्रेट केलं, दर वेळी घात एकाने वाढला आणि खाली २, ३, ४, ५ ने भागाकार होत गेला. १२० हा आकडा तिथून येतो. ऋण x साठी वेगळं काही करावं लागत नाही, कारण E विषम फलन आहे. चिन्ह उलटतं, आकार तोच राहतो.

तुम्ही काय केलंत तेही यातच दिसतं. तुम्ही चढायला चौथ्या डेरिव्हेटिव्हपासून सुरुवात केली आणि sin x हा १ च्या आत असतो एवढंच वापरलं. तिथून चार वेळा इंटिग्रेट केलं की x⁴/24 येतं. पण sin x शून्यापाशी १ च्या जवळपासही नसतो, तो शून्यातूनच निघतो. ही माहिती तुमच्याकडे होती आणि ती टाकून दिली गेली. सूत्राच्या भाषेत सांगायचं तर x − x³/6 ही तिसऱ्या घाताची टेलर बहुपदी आहे, आणि x⁴ चा सहगुणक शून्य असल्यामुळे तीच चौथ्या घाताचीही टेलर बहुपदी आहे. म्हणून पुढचा डेरिव्हेटिव्ह चौथा नाही, पाचवा धरायचा. sin साठी हा फायदा दर वेळी मिळतो, कारण तिथे सगळे सम घात गायब असतात. e चा घात x सारख्या फलनाला तो मिळत नाही. त्यामुळे "नेहमी एक पायरी पुढे जा" असा नियम करू नका. पुढचं पद खरोखर शून्य आहे का, ते बघूनच पुढे जा.

काही जण मधला मार्ग काढतात. चौथाच डेरिव्हेटिव्ह ठेवायचा, पण १ ऐवजी त्या पट्ट्यातली sin ची सर्वांत मोठी किंमत, म्हणजे sin ०.५, सुमारे ०.४७९, घालायची. मर्यादा ०.००२६० वरून ०.००१२५ वर येते. सुधारणा आहेच, पण पाचव्या डेरिव्हेटिव्हची मर्यादा ०.०००२६ आहे, म्हणजे अजूनही पावणेपाच पटींहून जास्त सैल.

आता c कडे येऊ. लाग्रांजने १७९७ मध्ये शेषपदाला जे रूप दिलं ते आपल्या बाबतीत असं दिसतं:

```
sin x − (x − x³/6) = cos(c) · x⁵/120,   c हा 0 आणि x यांच्या मध्ये
```

c माहीत नाही ही अडचण वाटते, पण मर्यादा काढायला तो माहीत असावाच लागत नाही. एखादी एसटी वाटेत कुठेही ताशी ६० किलोमीटरच्या वर गेली नसेल, तर दोन तासांत ती १२० किलोमीटरच्या पुढे गेलेली नाही हे कुठल्या क्षणी तिचा वेग किती होता ते न विचारता सांगता येतं. cos(c) चंही तसंच आहे. c कुठेही असो, cos(c) ची किंमत १ च्या वर नाही, तेवढं पुरतं.

पण मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक जण वरची मर्यादा लिहून हे सूत्र सोडून देतात आणि खालची मर्यादा वापरतच नाहीत. c शून्य आणि ०.५ च्या मध्ये आहे, म्हणजे cos(c) हा cos ०.५ आणि १ च्या मध्ये आहे. cos ०.५ म्हणजे ०.८७७६. ०.५ चा पाचवा घात ०.०३१२५, त्याला १२० ने भागलं की ०.०००२६०४. म्हणून ०.५ पाशी तुमची त्रुटी ०.०००२२८५ आणि ०.०००२६०४ यांच्या मध्येच असणार. वरून आणि खालून, दोन्हीकडून कुलूप लागलं. प्रत्यक्ष पाहा: बहुपदी ०.४७९१६६७ देते, sin ०.५ आहे ०.४७९४२५५, फरक ०.०००२५८९. तो या अरुंद पट्ट्यात बसतो. शिवाय त्रुटी धन आहे, म्हणजे धन x साठी x − x³/6 नेहमी थोडं कमीच सांगतं, हेही त्याच ओळीतून मिळालं.

हे आकडे उलटे वापरले तर c सुद्धा सापडतो. ०.०००२५८९ ला ०.०००२६०४ ने भागा, cos(c) ०.९९४ च्या आसपास येतो आणि c सुमारे ०.१०९. म्हणजे तो पट्ट्याच्या मधोमध नाही, शून्याच्या बराच जवळ आहे. x लहान असताना c साधारण x भागिले √21 एवढा असतो. याचा अर्थ cos(c) जवळजवळ १ च असतो आणि x⁵/120 ही नुसती मर्यादा राहत नाही, त्रुटीचा चांगला अंदाजही होते. शून्याजवळ sin साठी मर्यादा इतकी घट्ट बसते, म्हणून तिच्यावर निर्णय घ्यायला मला कधी संकोच वाटत नाही. सगळ्या फलनांबाबत मी असं म्हणणार नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्यावर तुमचं काम अवलंबून आहे. x⁵/120 जोडलं की पुढचं शून्य नसलेलं पद x⁷ चं. तोच हिशोब सातव्या डेरिव्हेटिव्हने केला तर मर्यादा x⁷/5040. ०.५ पाशी ती ०.०००००१५५ येते. तुम्हाला हवं ०.०००००१. मर्यादा जास्त आली म्हणून "भागणार नाही" असं लगेच म्हणता येत नाही, कारण खरी त्रुटी मर्यादेच्या खाली असू शकते. इथे खालची मर्यादा कामाला येते. ०.०००००१५५ ला ०.८७७६ ने गुणलं की ०.०००००१३६. खरी त्रुटी किमान एवढी आहेच. तेव्हा x⁵ पर्यंतची टेलर बहुपदी ०.५ पर्यंत तुमच्या अटीत बसत नाही, हे गणक न उघडता पक्कं झालं. ती साधारण ०.४६९ रेडियनपर्यंत, म्हणजे सुमारे २६.९ अंशांपर्यंत बसते. तुमचा कोन खरोखर ०.५ पर्यंत म्हणजे २८.६ अंशांपर्यंत जातो का, की ०.५ हा नुसता गोल आकडा घेतला आहे, हे आधी तपासा. २५ अंशच लागत असतील तर प्रश्न इथेच मिटतो.

०.५ लागतच असेल तर सरळ वाट म्हणजे x⁷ चं पदही जोडणं. मग मर्यादा x⁹/362880, ०.५ पाशी सुमारे ०.००००००००५४, तुमच्या गरजेपेक्षा जवळपास दोनशे पट चांगली. पण उनोवर हा चांगुलपणा वाया जातो. तिथे float चार बाइटचा असतो, double लिहिलं तरी तो चार बाइटचाच राहतो, आणि ०.४७९ च्या आसपास दोन लगतच्या float संख्यांमधलं अंतरच सुमारे ०.०००००००३ आहे. बहुपदीची त्रुटी त्याच्या पाचव्या भागापेक्षाही लहान झाली, म्हणजे यापुढे पदं वाढवून काही हाती लागणार नाही. तुम्ही float सोडून १६ बिटांचं फिक्स्ड पॉइंट वापरत असाल, १५ बिट अपूर्णांकाला देऊन, तर सर्वांत लहान पायरीच ०.००००३०५ ची होते. तिथे एक दशलक्षांशाची अट अर्थहीन आहे आणि x⁵ पर्यंतची बहुपदी पुरेशी आहे.

माझी पसंती मात्र तिसऱ्या वाटेला आहे. टेलर बहुपदीची सगळी त्रुटी पट्ट्याच्या टोकांना साचते आणि मध्ये जवळजवळ काहीच नसतं. सहगुणक किंचित हलवून ती त्रुटी सगळ्या पट्ट्यात वाटून दिली तर पाचव्या घातातच काम होतं. त्यासाठी x⁷ पर्यंतची बहुपदी घ्यायची आणि सातव्या घाताच्या चेबिशेव्ह बहुपदीच्या मदतीने x⁷ च्या जागी खालच्या घातांची पदं बसवायची. ती बहुपदी अशी:

```
T₇(t) = 64t⁷ − 112t⁵ + 56t³ − 7t,   |t| ≤ 1 असताना |T₇(t)| ≤ 1
```

t च्या जागी x भागिले ०.५ घालून x⁷ वेगळं काढलं की असं मिळतं:

```
x⁷ = 0.4375 x⁵ − 0.0546875 x³ + 0.001708984 x + (0.5⁷/64) T₇(2x)
```

शेवटचं पद सोडून द्यायचं. सोडलेल्या पदाचा आकार कधीही ०.५ चा सातवा घात भागिले ६४ च्या वर जात नाही, आणि x⁷ ला पुढे ५०४० ने भागायचं आहे. म्हणजे यातून आलेली नवी त्रुटी जास्तीत जास्त ०.०००००००२४. त्यात x⁷ पर्यंतच्या बहुपदीची मूळ मर्यादा, ०.००००००००५४, मिळवा. एकूण हमी ०.०००००००३०. इथेही हमीचा एक हिस्सा पुढच्या, म्हणजे नवव्या, डेरिव्हेटिव्हनेच दिला आहे. नवे सहगुणक घालून कोड असा होतो:

```c
float sin_small(float x) {
  float y = x * x;
  return x * (0.99999966f + y * (-0.16665582f + y * 0.00824653f));
}
```

०.५ पाशी ही बहुपदी ०.४७९४२५५५७ देते, खरी किंमत ०.४७९४२५५३९, फरक ०.०००००००१८, हमीच्या आत. float ची गोलाई धरली तरी एकूण चूक ०.००००००१ च्या आसपास राहते. गुणाकार चारच.

याची किंमत कुठे मोजावी लागते तेही सांगतो. x चा सहगुणक आता बरोबर १ नाही, त्यामुळे अगदी लहान कोनांवर सापेक्ष त्रुटी शून्याकडे जात नाही, ती ०.००००००३४ च्या आसपास अडकून राहते. टेलर बहुपदीत मात्र x निम्मा केला की x⁷/5040 १२८ पट लहान होतं आणि सापेक्ष त्रुटी ६४ पट. तुम्ही sin चा निकाल एखाद्या लहान कोनाने भागणार असाल, किंवा लहान कोनांची गुणोत्तरं घेणार असाल, तर टेलरच ठेवा आणि x⁷ चं पद जोडा. नुसता मोटरचा किंवा सर्वोचा कोन चालवायचा असेल तर वरचा कोड घ्या.

पट्टा वाढवायचा मोह झाला तर आधी सातव्या घाताकडे बघा. ०.५ वरून ९० अंशांवर, म्हणजे १.५७ वर गेलं तर x फक्त तीन पटींहून थोडा वाढतो, पण x⁷/5040 तीन हजार पट वाढून ०.००४७ होतं. अशा वेळी पदं वाढवत बसू नका, कोन लहान करा: ४५ अंशांच्या पुढे गेला की cos ची बहुपदी घेऊन ९० अंशांतून उरलेला कोन तिला द्या. आणि कोन अंशांत येत असेल तर आधी रेडियनमध्ये आणा. अंशांत sin चे डेरिव्हेटिव्ह १ च्या आत असतात हे खरंच असतं, पण प्रत्येक डेरिव्हेटिव्हला π/180 चा एक गुणक लागतो आणि वरचे १२०, ५०४० हे आकडे तसेच्या तसे चालत नाहीत.

शेवटी तपासणीबद्दल. तुम्ही संगणकावर पायथनमध्ये मर्यादा पडताळून पाहाल, आणि फार लहान x घेतलात तर ती मोडल्यासारखी दिसू शकते:

```python
import math
x = 1e-4
print(abs(math.sin(x) - (x - x**3/6)), x**5/120)
```

दुसरा आकडा 8.3e-23 येतो. पहिला आकडा मात्र एक तर नेमका शून्य येईल किंवा 1.36e-20 च्या पटीत, कारण 1e-4 च्या आसपास दोन लगतच्या double संख्यांमधलं अंतरच 1.36e-20 आहे. त्याहून लहान फरक तिथे लिहिताच येत नाही. शून्य नसलेला आकडा आला तर तो मर्यादेच्या शंभर पटींहून मोठा दिसेल. x⁵/120 ही मर्यादा पदं तोडल्यामुळे होणाऱ्या चुकीची आहे. संगणकाच्या गोलाईबद्दल ती काहीच बोलत नाही. पडताळणीसाठी x ०.०५ ते ०.५ मध्ये घ्या, आणि x निम्मा केल्यावर फरक जवळजवळ ३२ पट कमी होतो का ते बघा. ३२ पट येत असेल तर पाचवा घात बरोबर आहे. १६ पटच येत असेल तर बहुधा x³ चा सहगुणक ठीक आहे पण एखादं x⁴ चं पद चुकून आत आलं आहे, आणि ८ पट येत असेल तर x³/6 मधला ६ च चुकीचा टाइप झाला आहे.